बटाटा कुठल्या वाटेनं आला

फोन आला तेव्हा मी इंदिरानगरच्या ऑफिसात होतो आणि समोर तिमाहीचा ताळेबंद उघडा होता. नंदिनी, माझी बायको, एवढंच म्हणाली, "अक्का गेल्या. तू सरळ तिकडेच ये." मी आकडे तसेच सोडून निघालो. जे. पी. नगरला पोचलो तर घर नेहमीसारखंच होतं. दुपारच्या जेवणानंतर अक्का खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या आणि बसल्या बसल्याच गेल्या होत्या. चष्मा नाकावर, शेजारच्या स्टुलावर अर्धा प्यालेला कॉफीचा लोटा. त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे माझे सासरे अण्णा, समोर जमिनीवर बसून होते. मला पाहून ते म्हणाले, "बाहेर जाणार म्हणाली होती रे सकाळी. पिशवीसुद्धा तयार करून ठेवली." दाराच्या मागे खुंटीवर त्यांची निळी कापडी पिशवी लोंबत होती. त्या दिवशी ती कुणी उघडली नाही. घर माणसांनी भरलेलं असताना पिशवीत काय आहे हे कोण बघणार...

अक्का म्हणजे नंदिनीची आत्या. नाव वत्सला, पण घरातली, गल्लीतली, दुकानातली सगळी माणसं त्यांना अक्काच म्हणत. लग्न केलं नव्हतं. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या आणि अण्णांच्याच घराच्या वरच्या मजल्यावर राहिल्या. त्यांचं घराणं बंगळूरचं जुनं मराठी घराणं, आदिलशाहीच्या काळात मराठी फौजेबरोबर दक्षिणेत उतरलेलं आणि मग इथलंच झालेलं. मी पुण्याचा, नोकरीसाठी आलेला. लग्न ठरलं तेव्हा पहिल्यांदा ह्या घरात जेवायला बसलो आणि "स्वल्प भात घ्या की", "सरी, ताक वाढते" असली, 'थोडा'ला स्वल्प आणि 'बरं'ला सरी म्हणणारी मराठी ऐकून मला गंमत वाटली. मी अगदी सभ्यपणे म्हणालो, "तुमच्या मराठीत कन्नड बरंच मिसळलंय."

"होय की," अक्का म्हणाल्या. "आम्हांला आमचं मिसळलेलं ऐकू येतं. तुम्हांला तुमचं ऐकू येत नाही, एवढाच फरक. तुम्ही काय काम करता?"

"हिशेबाचं."

"हिशेब अरबी. पुढं सांगा. जमा? अरबी. खर्च? अरबी. बाकी, रक्कम, वसूल, तपशील? सगळे अरबी. महिन्याला मिळतो तो पगार पोर्तुगीज. आता तुमच्या टेबलावर मूळचं मराठी काय उरलं, ते सांगा."

मी म्हणालो, "टेबलसुद्धा नाही."

त्या इतक्या मोठ्यानं हसल्या की स्वयंपाकघरातून नंदिनीची आई बाहेर आली. तेव्हापासून मी त्यांचा 'हिशेबनीस' झालो. हेही नाव फुकट दिलं नव्हतं. मागचा 'नीस' म्हणजे फारसीतला 'नवीस', लिहिणारा, चिटणीस-फडणीसांतला, हे त्यांनी त्याच जेवणात ताक पिता पिता सांगून टाकलं.

पुढं माझं त्यांच्याकडे जाणं वाढलं. मला आकडे आवडतात, आणि आकड्यांच्या माणसाला कुठल्याही गोष्टीचा पुरावा लागतो. अक्कांनाही लागायचा. मी एकदा विचारलं, हे अरबी शब्द फारसीच्या हातून आले की थेट अरब व्यापाऱ्यांकडून, हे तुम्हांला कसं कळतं? त्यांनी 'हजर' हा शब्द घेतला. अरबीत ह्याच्या मधलं अक्षर जड 'द'च्या जवळचं आहे. इराणी तोंडाला ते साधत नाही, ते त्याचा 'झ' करतात. आपल्याकडे 'ज' आलाय. म्हणजे शब्द जन्मला अरबीत, पण आपल्यापर्यंत आला तो फारसी तोंडातून. "एकाच शब्दावर भरवसा ठेवू नका," त्या म्हणाल्या. "जामीन बघा, अर्ज बघा, काजी बघा. तेच अक्षर, तेच झालंय. वारस बघा. अरबीत शेवटी जीभ दातांत धरून काढलेला 'थ' आहे, फारसीत त्याचा 'स' होतो. आपल्याकडे काय आहे?" मी म्हणालो, "स." त्या म्हणाल्या, "लागला तुमचा ताळा." दख्खनच्या सुलतानांची दप्तरं फारसीत चालत, कुलकर्णी-देशपांडे त्या दप्तरांत बसून लिहीत, आणि जो शब्द दिवसभर लिहिला तोच संध्याकाळी घरी येई. म्हणून कचेरी, वसुली, कोर्ट ह्यांचे आपले शब्द ह्या वाटेचे. आणि पोर्तुगीज शब्द? ते बंदरावरून, गोदामातून, भटारखान्यातून आणि सुताराच्या पेटीतून आले. पाव, चावी, बिजागरी, इस्त्री, मेस्त्री, लिलाव. 'चावी'वर त्यांचं फार प्रेम होतं. पोर्तुगीज लोक आज त्या शब्दाच्या सुरुवातीला 'श' म्हणतात. जुन्या काळी 'च' म्हणत. आपण त्यांचा तो जुना 'च' जपून ठेवलाय आणि त्यांनी तो हरवला... "दुसऱ्याची वस्तू माणूस कधी कधी जास्त नीट ठेवतो," असं त्या म्हणत.

नुसतं सारखं ऐकू आलं म्हणून शब्द एक होत नाहीत, हे त्यांनी मला बऱ्याचदा ऐकवलं, कारण मी तीच चूक बऱ्याचदा करायचो. मी म्हणालो, हजार म्हणजे सहस्रचाच अपभ्रंश. त्या म्हणाल्या, "लेक नव्हे, मावसबहीण." संस्कृतात जिथं 'स' तिथं फारसीत 'ह', अशी अख्खी रांगच आहे. सप्त आणि हफ्त, ज्याचा आपला हप्ता झाला. मास आणि माह. सहस्र आणि हजार. दोघींची आजी एक. पण आपल्याकडचा हजार ह्या घरात जन्मलेला नाही, लांबच्या नातेवाइकांकडून आलेला आहे. आणि जिथं पुरावा दोन्ही बाजूंना सारखा पडे, तिथं त्या थांबत. साबण अरबीतून आला की पोर्तुगीजमधून? दोन्हीकडं तो शब्द आहे, दोन्ही लोक आपल्याकडं आलेले आहेत. "माहीत नाही," अक्का म्हणायच्या, आणि ते इतक्या समाधानानं म्हणायच्या की ऐकणाऱ्यालाच अस्वस्थ व्हायला व्हायचं.

पण मला लिहायचंय ते बटाट्याबद्दल. ह्या घरातली खरी तेढ होती ती तिथं.

अक्का आणि अण्णांची आई मी पाहिली ती शेवटची काही वर्षं. बेळगावकडच्या एका खेड्यातून लग्न होऊन त्या बंगळूरला आलेल्या. म्हातारपणी त्यांचं अन्न तुटत गेलं. भात नको, पोळी नको, पेजही नको. उकडलेला बटाटा मात्र मीठ-तूप घालून कुस्करून दिला की खायच्या. "बटाटा दे गं वत्सला," हे त्यांचं अगदी अखेरपर्यंतचं वाक्य. त्या गेल्या आणि पहिलं वर्षश्राद्ध आलं. तेव्हा अक्का म्हणाल्या, तिच्या पानावर बटाटा वाढायचा. अण्णा म्हणाले, नाही.

आमच्या ह्या घरात श्राद्धाच्या स्वयंपाकाचा नियम कडक आहे. बटाटा, टोमॅटो, कोबी, फ्लॉवर, गाजर काही चालत नाही. तिखटपणाला मिरचीसुद्धा नाही, फक्त काळी मिरी. केळं, कारलं, गवार, सुरण, असं जुनं जे असेल ते. अण्णा हा नियम कुणावर ओरडून लादत नसत, पण स्वतः रेसभर हलत नसत. "मुळात घराण्यात जे नव्हतं ते पितरांना ओळखू येत नाही अक्का," ते म्हणायचे. अक्का म्हणायच्या, "तिला पोचतं की नाही हे मला माहीत नाही वेंकू. पण पान वाढायचंच तर ज्यावर ती जगली ते वाढ की." मग दर वर्षी श्राद्धाच्या दिवशी अक्का वरच्या मजल्यावरून खाली जेवायला येत नसत. भांडण नाही, आवाज नाही... एक पान रिकामं, एवढंच. एरवी रोज सकाळी एकमेकांना पेपर वाचून दाखवणारी ही दोन म्हातारी माणसं आईच्याच दिवशी वेगवेगळ्या मजल्यांवर जेवायची. नंदिनीला त्याचा फार त्रास व्हायचा. "आज्जीला ह्यातलं काय आवडलं असतं?" असं ती म्हणायची.

मी मध्ये पडलो. मला वाटलं, हा नुसता वर्गवारीचा प्रश्न आहे. भाजीचं नाव परकं तर भाजी परकी, नाव आपलं तर भाजी आपली. एका कागदावर दोन रकाने आखले, अक्कांनीच शिकवलेल्या खुणा लावल्या आणि मोठ्या अभिमानानं तो कागद दोघांपुढं ठेवला. बटाटा, टोमॅटो, कोबी, फ्लॉवर, अननस, काजू डावीकडं; बाकी सगळं उजवीकडं. अण्णांनी चष्मा लावून पाहिलं आणि विचारलं, "मिरची उजवीकडं कशी?"

"मिरची आपला शब्द. मिरीवरून आलेला."

"शब्द आपला," अक्का म्हणाल्या, "पण मिरची आपली नाही की हो हिशेबनीस. समुद्रापलीकडून पोर्तुगिजांबरोबर आली. लोकांनी चाखली, तिखट लागली, आणि आपल्याकडं तिखट म्हणजे मिरी, म्हणून तिला मिरीचं नाव दिलं. कन्नडातही तेच. मिरीला मेणसु, मिरचीला मेणसिनकाई. वनस्पती आली की एक तर माहेरचं नाव बरोबर आणते, नाही तर सासरी नवं नाव घेते. नावावरून वस्तूचं गाव सांगायचं नाही, आणि वस्तूवरून नावाचं सांगायचं नाही. दोन्ही वाटा वेगवेगळ्या चालून बघायच्या."

"आणि साखर?" मी अजून लढत होतो. "फारसीत शकर आहे, अरबीत सुक्कर आहे, पोर्तुगीजमध्ये..."

"ती आपल्याकडून तिकडं गेली. शर्करा. रस्ता दोन्ही बाजूंनी चालतो."

अण्णा हसले. कागद घडी करून मला परत देत म्हणाले, "ठेवा. किराणा आणायला होईल." पण त्याच संध्याकाळी त्यांनी एक गोष्ट कबूल केली. नियम नावाचा नाही, घराण्याचा आहे. बटाटा ह्या घराण्यात मुळापासून होता असं अक्कांनी दाखवलं, तर ते स्वतःच्या हातानं वाढतील.

अक्कांचा पुरावा तयार व्हायला फार दिवस लागले नाहीत. बंगळूरच्या बाजारात बटाट्याला आलूगड्डे म्हणतात, जुनी माणसं उरुळगड्डे म्हणतात, म्हणजे गोल कंद. चारी बाजूंनी हे ऐकत असताना आमच्या घरात मात्र तीन पिढ्या 'बटाटा'च म्हणतात. इथल्या कन्नडातून तो शब्द आला नाही हे उघड. मग आला कुठून? पोर्तुगीज गोव्यात बसले त्यानंतर कितीतरी वर्षांनी हे घराणं दक्षिणेत उतरलं. म्हणजे निघताना शब्द पदरात असणं शक्य आहे. शब्द आणला म्हणजे वस्तू ओळखीची होती. अण्णांनी हे सगळं डोळे मिटून ऐकलं. दोनदा विचारलं, "नक्की अक्का?" मग म्हणाले, "सरी. ह्या वर्षी वाढू." नंदिनीनं मला लगेच ऑफिसात फोन करून हे सांगितलं.

खरं तर इथं थांबायला हरकत नव्हती. दोघं एका पंगतीला बसणार होती. पण अक्कांना झोप लागेना. मला बोलावून म्हणाल्या, "माझं गणित मला आवडलं, म्हणूनच मला त्याचा संशय येतोय." एक तर मूळ 'बटाटा' हा शब्द रताळ्याचा. अमेरिकेकडच्या बेटांवरच्या लोकांचा तो शब्द पोर्तुगीज घेऊन आले तो रताळ्यासाठी. बटाट्याला तो नंतर चिकटला, आणि बटाट्याची शेती आपल्याकडं पसरली ती तर बऱ्याच उशिरा, इंग्रजांच्या अमलात. म्हणजे शब्द जुना निघाला तरी त्या काळी त्यानं कशाकडं बोट दाखवलं असतं हे सांगता येत नाही. आणि दुसरं म्हणजे शब्द घराण्याचा असेल, तर बरोबर उतरलेल्या बाकीच्या जुन्या घराण्यांतही तो सापडायला पाहिजे. नुसत्या आपल्या घरावरून काय सांगणार?

मग सुरू झाली ती बटाट्याची फेरी. निळ्या पिशवीत एक बटाटा, एक किल्ली आणि साबणाची वडी घालून अक्का जुन्या मराठी घरांत जायच्या, कधी मेट्रोनं चिकपेटला, कधी रिक्षानं. मी सुट्टीच्या दिवशी बरोबर. त्यांचा नियम होता, 'तुमच्यात बटाटा म्हणतात का?' असं विचारायचं नाही. तसं विचारलं की माणूस भिडेनं हो म्हणतो. वस्तू वर धरायची आणि विचारायचं, ह्याला तुमच्यात काय म्हणतात? पण घरोघरी पहिलं उत्तर एकच यायचं. "अय्यो अक्का, भाजी कशाला आणलीत!" आणि यजमानीण बटाटा हातातून घेऊन सरळ आत जायला निघायची. चिकपेटच्या साडीच्या दुकानामागं राहणाऱ्या एका आजीबाईंनी तर तो खरोखरच चिरायला घेतला. अक्का मागं धावल्या, "अहो थांबा, आधी नाव सांगा!" त्या म्हणाल्या, "माझं? सरस्वती." रिक्षात बसेपर्यंत आम्ही हसत होतो.

उत्तरं लिहून घ्यायचं काम माझं. काही घरांत बटाटा, काही घरांत उरुळगड्डे किंवा आलूगड्डे. पहिल्यांदा काहीच संगती लागेना. एकाच घराण्याच्या दोन सख्ख्या भावांच्या घरी वेगवेगळे शब्द निघाले. मी घराण्याप्रमाणं लावून पाहिलं, पेठेप्रमाणं लावून पाहिलं, आकडे विस्कटलेलेच. अक्का म्हणाल्या, "बायका कुठल्या ते लिहिलंत का?" नव्हतं लिहिलं. पुन्हा सगळीकडं फोन केले. सासू कुठली, तिची सासू कुठली. आणि तो रकाना भरल्यावर सगळं जागेवर बसलं. जिथं आजी किंवा आई बेळगाव-हुबळीकडून आली होती, तिथं बटाटा. तिकडच्या कन्नडातही बटाटेच म्हणतात. जिथं सुना पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूर-बंगळूरकडच्याच होत्या, तिथं उरुळगड्डे. फक्त एक घर बसत नव्हतं. सुना इकडच्याच, आणि शब्द बटाटा. बाकी ताळा स्वच्छ लागत होता. पगार हा शब्दही बहुतेक त्याच घरांत होता. बाकीचे कन्नडातलं संबळ म्हणत.

म्हणजे बटाटा घराण्याबरोबर दक्षिणेत आलाच नव्हता. तो आईच्या तोंडून ह्या घरात आला होता, तिच्या लग्नात.

अक्का बराच वेळ तो तक्ता बघत बसल्या. मी म्हणालो, आता अण्णांना सांगायलाच पाहिजे असं नाही. श्राद्ध दोन दिवसांवर होतं, ते तयार झाले होते... अक्कांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नव्हे, कॉलेजात एखाद्या बऱ्या मुलाकडं पाहत असतील तसं. "चुकीचं कारण देऊन आईला जेवायला घालू?" त्या म्हणाल्या आणि तक्ता घेऊन जिना उतरल्या. मी मागोमाग गेलो.

अण्णा झोपाळ्यावर होते. अक्कांनी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. रताळ्याचं सांगितलं, चिकपेटचं सांगितलं, न बसणाऱ्या एका घराचंही सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "माझं चुकलं वेंकू. शब्द घराण्याचा नाही. आईबरोबर आला. तू कबूल केलंस ते मोडलं असं समज." आणि त्या उठल्या, वर जायला.

अण्णा म्हणाले, "बस अक्का."

झोपाळा थांबला होता. मग ते सावकाश बोलायला लागले. "इतकी वर्षं विसरूनच गेलो होतो बघ. तुला आठवतं का गं, आपली आजी आईला कशी हसायची? 'बटाटा म्हणे! आमच्यात उरुळगड्डे म्हणतात.' माणसं जमली की मुद्दाम तिला विचारायची, काय आहे आज भाजीला? आई मान खाली घालायची आणि म्हणायची, बटाटा. दर वेळी बटाटाच. मी लहान होतो, मला वाटायचं ही शिकत का नाही... मग आपण तिच्या मांडीवर बोलायला शिकलो, तिचाच शब्द बोलायला लागलो. बाबा बोलायला लागले. आजी स्वतः शेवटी आजारात काय मागायची?"

अक्का म्हणाल्या, "बटाटा."

"सगळ्या घराशी तिनं एकदाच हट्ट केला. ह्या एका शब्दाचा." अण्णांनी डोळे पुसले. "घराण्याचा असता तर नियम म्हणून वाढला असता. तिचाच आहे तर मग मी विचार कसला करतोय?"

श्राद्धाच्या दिवशी गुरुजींनी भुवया उंचावल्या. अण्णांनी त्यांना नमस्कार केला आणि म्हणाले, "ह्यात दोष असला तर माझ्या नावावर." उकडलेला बटाटा मीठ-तूप घालून त्यांनी स्वतः कुस्करला आणि आईच्या पानावर वाढला. अक्का खाली आल्या होत्या. पंगतीत माझ्या शेजारी बसल्या, भात कालवता कालवता हळूच म्हणाल्या, "अळणी ठेवलाय वेंकूनं. आई बोलली असती." त्यानंतर दर वर्षी दोघं एकाच पंगतीला बसली.

आता अक्का गेल्या. त्यांचे दिवस अण्णांनीच केले. त्यांच्या पानावर आवडीचं काय वाढायचं असा प्रश्न निघाला तेव्हा प्रत्येकानं वेगळाच पदार्थ सांगितला. त्या सगळंच खायच्या. जेवताना त्यांना पदार्थापेक्षा त्याच्या नावाची भूक जास्त. नंदिनी म्हणाली, कॉफी ठेवू. ठेवली. वाफ निघत होती तोवर अण्णा कॉफीकडं बघत होते. मग मला म्हणाले, "कॉफी कुठून आली, हे तिनं सांगितलेलं तुला आठवतंय?" मी जेवढं आठवत होतं तेवढं सांगितलं. अरबीतला कहवा, मग तुर्कांकडून युरोपात, डचांच्या आणि इंग्रजांच्या तोंडून फिरत आपल्याकडं. अण्णा म्हणाले, "एवढं फिरून आली, आणि आता ही प्यायला नाही."

मागच्या रविवारी नंदिनी वरचा मजला आवरायला गेली आणि दाराच्या मागची निळी पिशवी घेऊन खाली आली. आत किल्ली, साबणाची वडी आणि एक बटाटा. त्याला बोटाएवढे कोंब आले होते. ती तो टाकून द्यायला निघाली, तर अण्णांनी हात पुढं केला. बराच वेळ तो तळहातावर फिरवत राहिले. "त्या दिवशी कुणाकडं निघाली होती?" त्यांनी मला विचारलं. मला कळलं होतं. सगळ्या तक्त्यात न बसणारं एकच घर होतं. ते अक्कांच्या मनातून कधी गेलंच नव्हतं.

कोंब आलेला बटाटा अण्णांनी गच्चीवरच्या कुंडीत लावला. अक्कांच्या हातचा होता, त्याची भाजी करणं बरोबर नाही, असं म्हणाले. मग स्वयंपाकघरातून एक नवा बटाटा घेतला, पिशवीत घातला, चपला घातल्या आणि मला म्हणाले, "चल हिशेबनीस." ह्या नावानं त्यांनी मला कधीच हाक मारली नव्हती.

वाटेत मी त्यांना सांगून ठेवलं, नाव आपण आधी घ्यायचं नाही. "माहितेय," ते म्हणाले. त्या घराचं दार एका म्हाताऱ्या बाईंनी उघडलं. अण्णा काठी सावरत उंबऱ्याबाहेरच उभे राहिले, पिशवीत हात घातला आणि बटाटा वर धरला, थेट अक्का धरायच्या तसा, डोळ्यांच्या पातळीवर. "ह्याला तुमच्यात..." त्यांनी सुरुवात केली.

बाईंनी बटाट्याकडं पाहिलं, मग अण्णांकडं.

"अय्यो अण्णा," त्या म्हणाल्या, "भाजी कशाला आणलीत! या, आत या."